दोन तासांचे आठशे, की साडेसहा तासांचे?

*ताई, मी डोंबिवलीत राहते आणि घरी शिकवण्या घेते. सहा मुलांची एक बॅच आहे, प्रत्येकी महिना १,००० रुपये, महिन्याला चोवीस तास. मागच्या महिन्यात मार्केट रिसर्चवाल्यांचा फोन आला. घरात काय काय आहे, ह्यांचं शिक्षण किती, असं वीस मिनिटं विचारलं आणि शेवटी 'तुम्ही बसत नाही' म्हणून फोन ठेवला. आता दुसऱ्या एका बाईंनी अंधेरीला दोन तासांच्या फोकस ग्रुपला बोलावलंय. विषय कपडे धुण्याचं लिक्विड, पैसे ८०० रुपये. आधी तीन दिवस कपडे धुतानाचे फोटो पाठवायचे. मी पावडर वापरते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "लिक्विड वापरते म्हणून सांगा, कोण बघायला येतंय!" ह्यांनाही एका तासाच्या फोन मुलाखतीबद्दल विचारणा झाली आहे. ते अंबरनाथला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतात. जावं का? आणि पैसे किती मागावेत?*
*— एक वाचक, डोंबिवली*

लिक्विड वापरणारी म्हणून अंधेरीला जाऊ नका. आणि तुम्ही खरोखर लिक्विड वापरत असतात, तरी डोंबिवलीहून जाण्यासाठी ८०० रुपये कमीच आहेत. या दोन्ही गोष्टी नीट सांगते, कारण मी या कामात अकरा वर्षं काढली आहेत. सुरुवातीला रिक्रूटर म्हणून सोसायट्यांमधून माणसं जमवायचे, नंतर मॉडरेटर म्हणून या गटचर्चा चालवायला लागले.

आधी तो वीस मिनिटांचा फोन. समोरच्या बाईंच्या हातात जो कागद असतो त्याला स्क्रीनर म्हणतात. त्यावर प्रत्येक उत्तरासमोर छापलेलं असतं, पुढे जा किंवा थांबवा. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: घरातलं किंवा जवळच्या नात्यातलं कुणी जाहिरात, मार्केट रिसर्च, पत्रकारिता किंवा त्या वस्तूच्या धंद्यात आहे का? असेल तर तिथेच थांबवतात. अशा माणसाला आतली माहिती असते, किंवा ऐकलेलं तो बाहेर नेऊ शकतो. पाठोपाठ विचारतात की गेल्या सहा महिन्यांत अशा एखाद्या चर्चेला गेला होता का. वरचेवर जाणारी माणसं गटात काय बोलायचं ते शिकून घेतात, म्हणून ती नको असतात.

मग घरातल्या वस्तू. तुम्हाला तो भाग खटकला असणार, बहुतेकांना खटकतो. आपल्याकडे बरीच वर्षं 'एनसीसीएस' नावाची पद्धत चालत आली आहे. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर ए१ पासून ई३ पर्यंत बारा पायऱ्या पाडतात. त्या अकरांत वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी आणि एसी आहेत, आणि शेतजमीनही आहे. म्हणून डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईलाही "शेती आहे का?" विचारतात. आता मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाने 'आयसेक' ही नवी पद्धत आणली आहे. तिच्यात वस्तू मोजत नाहीत, मुख्य कमावत्याचा व्यवसाय आणि घरातल्या मोठ्यांचं शिक्षण बघतात. पद्धत कुठलीही असो, इतपत प्रश्न रास्त आहेत. बँक खात्यात किती शिल्लक आहे किंवा पॅन नंबर काय, हे स्क्रीनरमध्ये कधीच नसतं.

खरा विषय काय आहे ते मधल्या प्रश्नांमधून मुद्दाम कळू देत नाहीत. चहा कुठला, साबण कुठला, कपड्यांना काय वापरता, असं सगळं एकत्र विचारतात, म्हणजे हवं ते उत्तर ओळखून देता येत नाही. ब्रँडच्या यादीत कधी कधी बाजारात नसलेलं एखादं नाव घुसवलेलं असतं. "हो हो, तेही वापरलंय" म्हणणारी बाई त्याच क्षणी बाद होते. शेवटी एखादा विचित्र प्रश्न येतो, उदाहरणार्थ रिकाम्या बरणीचे किती उपयोग सांगाल? तिथे अचूक उत्तराची अपेक्षा नसते. तुम्ही मोकळेपणाने बोलता की 'हो', 'नाही' एवढंच, ते बघायचं असतं.

तुमचा फोन कुठे थांबला, यावरून कारणाचा अंदाज करता येतो. दोन मिनिटांत थांबला असता तर नात्यातलं कुणी त्या धंद्यात असल्याचं उत्तर नडलं असतं. तुमचा शेवटपर्यंत गेला, म्हणजे तुम्ही बहुतेक चाळण्यांतून पार झालात. एक तर तुमच्या प्रकारच्या बायकांचा कोटा भरला होता, किंवा वापरातल्या एखाद्या वस्तूवर गाडी अडली. एका गटात आठ बायका हव्या असतील तर कागदावर असं असू शकतं: वय २८ ते ४५, घरी वॉशिंग मशीन, कपडे धुण्याचं सामान स्वतः निवडणाऱ्या, चार जणी सहा महिन्यांत लिक्विडकडे वळलेल्या, चार जणी पावडरवरच असलेल्या. पावडरच्या चार जागा भरल्या की पाचवी बाई कितीही चांगली बोलणारी असली तरी बसत नाही. तुमच्यात काही कमी पडलं असं अजिबात समजू नका. पण कोटा भरत आलाय हे रिक्रूटरला माहीत असतं, त्यामुळे वीस मिनिटं घेण्याआधी तिने ते सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. त्या वीस मिनिटांचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत. पुढच्या वेळी पहिल्याच मिनिटाला विचारा: "प्रश्न किती वेळ चालतील, आणि जागा अजून आहे ना?"

आता "कोण बघायला येतंय" याबद्दल. रिक्रूटरला मोबदला बहुतेक ठिकाणी माणसामागे मिळतो, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक बाईमागे ठरलेली रक्कम. परवाचा गट असेल आणि आज दोन खुर्च्या रिकाम्या असतील, तर तिच्यावर ताण येतो. मी स्वतः त्या ताणात राहिले आहे, त्यामुळे तिचा राग करत नाही. पण पकडल्या गेलात तर दारातून परत तुम्ही जाणार, आणि पैसे बुडणार तेही तुमचेच.

आणि पकडलं जातंच. ठिकाणी पोहोचल्यावर स्क्रीनरचे चार-पाच प्रश्न पुन्हा विचारतात, आणि विचारणारी बाई वेगळी असते. बऱ्याच एजन्सी घरातल्या पाकिटाचा फोटो आधी मागवतात. तुमचे तीन दिवसांचे फोटो अर्धे त्यासाठीच आहेत. त्यातूनही कुणी आत आलं तर गटात उघडं पडतं. माझ्या एका गटात एक बाई अगदी छान बोलत होत्या, लिक्विडमुळे कपडे कसे मऊ राहतात वगैरे. मी सहज विचारलं, "एका वेळेला किती घालता?" त्या म्हणाल्या, "दोन चमचे, भरून." बाकीच्या सात जणी झाकणाच्या मापाने ओतत होत्या. मी पुढे विचारलं, "झाकणात आत रेघ आहे का हो?" त्या गप्प झाल्या. काचेच्या पलीकडे कंपनीची माणसं बसून ऐकत होती. चहाच्या सुट्टीत त्या बाईंना बाहेर बोलावून परत पाठवावं लागलं. चांगल्या घरच्या, साध्या बाई होत्या, उतरलेल्या चेहऱ्याने पर्स उचलून गेल्या. ते मला अजून आठवतं, कारण त्यांना तसं सांगायला लावणारी बाई आमचीच होती.

म्हणून रिक्रूटरला एवढंच सांगा: "मी पावडर वापरते. पावडरवाल्यांची जागा असेल तर मला बोलवा." अशा अभ्यासात बऱ्याचदा न वळलेल्या बायकाही हव्या असतात, त्या का वळत नाहीत हे कंपनीला ऐकायचं असतं. जागा असेल तर तुम्ही आहात तशाच चालाल.

पैशांचा हिशेब करताना गटाचे दोन तास धरू नका, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा वेळ धरा. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, दोन्हीकडची रिक्षा आणि वाट बघणं मिळून जायला दीड तास, यायला दीड. अर्धा तास आधी बोलावतात, सही आणि फेरतपासणीसाठी. गट दोन तासांचा. फोनवरचे प्रश्न वीस मिनिटं, तीन दिवसांचे फोटो आणि त्याखाली लिहायच्या ओळी चाळीस मिनिटं. झाले साडेसहा तास. ८०० मधून प्रवासाचे १५० वजा केले तर ६५० उरतात, म्हणजे तासाला १०० रुपये.

तुमच्या शिकवणीचा तास किती पडतो? सहा मुलांचे ६,००० भागिले चोवीस, म्हणजे २५० रुपये. हाच तुमचा तळ धरा. साडेसहा तासांचे १,६२५ आणि प्रवासाचे १५०, म्हणजे साधारण १,८०० रुपये. त्या दिवशी बॅच बुडणार असेल तर हा आकडा आणखीच रास्त ठरतो. उलट हाच गट घरबसल्या झूमवर असेल तर पंधरा मिनिटं आधी लॉगिन, दोन तास चर्चा आणि फोन-फोटोंचा एक तास, असे सव्वातीन तास होतात. ८०० रुपयांत तासाला २४६ पडतात. तेव्हा मी तुम्हाला 'जा' म्हणाले असते. रक्कम तीच असली तरी व्यवहार एक नाही. तासाचा तळ धरणं ही माझीच कल्पना नाही. ब्रिटनमधून चालणाऱ्या प्रोलिफिक या ऑनलाइन मंचावर अभ्यास घालणाऱ्याला तासाला किमान ६ पौंड किंवा ८ डॉलर द्यावेच लागतात, आणि लोकांना प्रत्यक्ष किती वेळ लागला तेही बघितलं जातं.

ज्या बायका बाहेरचं काम करत नाहीत त्या म्हणतात, "माझा वेळ रिकामाच असतो." तसं धरू नये. त्या सहा तासांत घरचा स्वयंपाक, मुलांना शाळेतून आणणं, सासूबाईंचं औषधपाणी कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं. त्याला काय पडेल, तो तळ.

एक गोष्ट जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. एजन्सी मोबदल्याची रक्कम ठरवते आणि ती मधल्या माणसामार्फत तुमच्यापर्यंत येते. मी नवीन असताना एका एजन्सीच्या गटात बायकांना ७०० रुपयांची पाकिटं वाटली. सह्यांचा कागद माझ्याकडे फाइलला लावायला आला तेव्हा त्यावर प्रत्येकीच्या नावासमोर १,२०० होते. आठ जणींनी सही केली होती, आकडा एकीनेही वाचला नव्हता, कारण कागद घाईघाईत, चपला घालताना पुढे केला जातो. मी वरिष्ठांना सांगितलं, तर "तू आपलं काम बघ" असं उत्तर मिळालं. पुढचं काम मी त्यांच्याकडे घेतलं नाही. त्या दिवशी त्या बायकांना फोन करून सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. तेव्हा पाकीट उघडा, पैसे मोजा, कागदावरचा आकडा वाचा आणि मगच सही करा. जुळत नसेल तर रिक्रूटरशी वाद घालत बसू नका, मॉडरेटरला किंवा एजन्सीच्या माणसाला तिथेच दाखवा.

दुसरं, आठ जणींच्या गटाला दहा जणींना बोलावतात, कारण एक-दोन जणी येत नाहीत. दहाही आल्या तर दोघींना परत पाठवतात. चांगल्या एजन्सी त्या दोघींना ठरलेले पूर्ण पैसे देऊन पाठवतात, आणि तसंच व्हायला हवं, कारण त्या वेळेवर आलेल्या असतात. काही ठिकाणी नुसता चहा पाजून वाटेला लावतात. निघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: किती रुपये, रोख की व्हाउचर, कधी मिळणार, आणि जागा भरली म्हणून परत पाठवलं तर काय. समोरासमोरच्या गटाचे पैसे त्याच दिवशी हातात मिळायला हवेत. ऑनलाइनचे यूपीआयने किंवा व्हाउचरने काही दिवसांनी येतात, पण तारीख विचारायला कचरू नका. ओळख पटवायला आधार दाखवावं लागलं तर दाखवा, झेरॉक्स किंवा फोटो देऊ नका. रेकॉर्डिंग होतं, ते आधी सांगून तुमची संमती घेतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणता येतं, त्यासाठी पैसे कापता येत नाहीत.

ह्यांच्या फोनचं गणित वेगळं आहे. ती बहुधा तज्ज्ञांची मुलाखत असावी. एखादा सल्लागार किंवा गुंतवणूकदार कारखान्यातले पंप, बेअरिंग, सुटे भाग कसे निवडले जातात ते समजून घेऊ बघतो, आणि मधली कंपनी तासाच्या हिशेबाने माणसं शोधून देते. इथे दर बहुतेक वेळा तज्ज्ञालाच विचारतात. पगाराला महिन्याच्या तासांनी भागून आलेला आकडा सांगणं ही नेहमीची चूक. समजा पगार ८८,००० आहे, महिन्याचे १७६ तास, तर ५०० रुपये येतात. पण या फोनआधी फॉर्म भरायचे असतात, नियमांचं छोटं प्रशिक्षण असतं, थोडी तयारी लागते, एका तासाचे दोन होतात. शिवाय ह्यांनी इतकी वर्षं यंत्रांसोबत काढून कमावलेलं ज्ञान समोरचे विकत घेत आहेत, आणि मधली कंपनी गिऱ्हाइकाकडून त्याचे बरेच जास्त घेते. मी त्यांच्या जागी असते तर तासाला पाच हजारांच्या खाली बोलले नसते. आणि एक जरूर विचारायचं: फोन पंचवीस मिनिटांत संपला तर पैसे पंचवीस मिनिटांचे की किमान एका तासाचे? बऱ्याच ठिकाणी मिनिटांवर हिशेब करतात. हे पैसे उत्पन्नच आहेत, रिटर्नमध्ये दाखवावे लागतील.

पण त्याआधी त्यांनी नेमणूकपत्र काढून वाचावं. बाहेरचं मोबदल्याचं काम करायला परवानगी लागत असेल तर ती लेखी घ्यावी, नाहीतर 'नाही' म्हणावं. फोनवर सध्याच्या कारखान्याचे खरेदीचे दर, पुरवठादारांशी झालेले करार, किती उत्पादन होतंय, कुठली लाइन बंद पडली आहे, यातलं काहीही बोलायचं नाही. कंपनी शेअर बाजारात असेल तर जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती बाहेर देणं सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत बसत नाही. तिथे प्रश्न नोकरीपुरता राहत नाही. पंप बिघडण्याची सर्वसाधारण कारणं, एखादा ब्रँड देखभालीला सोपा का जातो, हे सांगायला हरकत नाही. "मागच्या तिमाहीत तुमच्याकडे किती ऑर्डर आल्या?" असा प्रश्न आला की फोन थांबवायचा आणि मधल्या कंपनीला कळवायचं. नियम पाळणारी कंपनी त्याबद्दल आभारच मानते.

याच नावाखाली फसवणारे लोकही फिरतात. मार्केट रिसर्चमध्ये पैसे तुमच्याकडे येतात, तुमच्याकडून जात नाहीत. नोंदणी फी, अनामत, ओटीपी, टेलिग्रामवर आधी छोटी रक्कम देऊन मग पैसे भरायला लावणारी 'टास्क', यातलं काहीही आलं तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. चर्चेच्या शेवटी काही विकायला लागले तर तो रिसर्च नव्हताच. या व्यवसायाची आयसीसी-एसोमार ही जी आचारसंहिता आहे, तिच्यात संशोधनाच्या नावाखाली विक्री करायला मनाई आहे.

आता त्या बाईंना फोन करा. पावडरचं खरं सांगा, जागा आहे म्हणाल्या तर १,८०० मागा, आणि हिशेब जसा वर केला तसाच त्यांना ऐकवा, म्हणजे त्यांनाही एजन्सीकडे मागायला आधार मिळेल. १,२०० वर आल्या तर तासाला १६० च्या आसपास पडतात. तेवढ्यात बॅच बुडवून जायचं नाही, पण रविवारचा गट असेल आणि अंधेरीत दुसरं काही काम असेल तर विचार करा. ८०० वरच अडल्या तर म्हणा, "ऑनलाइन गट असेल तेव्हा माझं नाव घ्या." रिक्रूटर अशी नावं वहीत वेगळी लिहून ठेवतात, मीही ठेवायचे. वेळेवर येणारी, खरं बोलणारी बाई मिळणं त्यांनाही सोपं नसतं.